धडधडीची भीती धडधडीनेच जाते : किशोरवयीन मुलांमधील पॅनिक अटॅक आणि संवेदनांना सामोरे जाण्याचा सराव

खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बसने बेळगावला येऊन पीयूसीच्या पहिल्या वर्षाला शिकणारी एक सोळा वर्षांची मुलगी आपण डोळ्यांसमोर आणू. तिला शुभदा म्हणू. ती कोणी एक मुलगी नाही. गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या अनेक मुलामुलींच्या अनुभवांतून हे उदाहरण मी रचले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून ती शहरातल्या महाविद्यालयात आली होती, आणि तिथे वर्गात इंग्रजी तर कार्यालयात कन्नड चालत असे. जुलै महिन्यात एके सकाळी पावसामुळे बसच्या सर्व काचा बंद होत्या, गाडी खचाखच भरली होती आणि ती मधल्या वाटेत उभी होती. अचानक तिची छाती जोरात धडधडू लागली, श्वास पुरेना, ओठांभोवती आणि हातांना मुंग्या आल्या, आणि पाहता पाहता दोन्ही हातांची बोटे आखडून आत वळली. शेजारच्या मावशींनी हात चोळले, कोणी "फीट आली" म्हणाले, कोणी "बीपी लो झालं" म्हणाले. ती मात्र "मी मरतेय, आईला फोन लावा" एवढेच म्हणत होती.

दवाखान्यात ईसीजी झाला, तो व्यवस्थित आला. सलाईन लावले गेले आणि तासाभरात ती घरी आली. त्यानंतरच्या महिन्यात असे आणखी तीन झटके आले. दोन महिन्यांनी ती माझ्याकडे आली, तोपर्यंत तिने बस सोडली होती आणि वडील शेतातली कामे बाजूला ठेवून तिला दुचाकीवरून पोहोचवत होते. ती जिना चढत नव्हती, चहा पीत नव्हती आणि पाण्याची बाटली व कापराची पुडी जवळ असल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हती. आता तिला बसपेक्षा स्वतःच्या छातीतल्या धडधडीचीच भीती अधिक वाटत होती. या लेखात मी फक्त त्या भीतीबद्दल लिहिणार आहे, म्हणजे शरीरात उठणाऱ्या संवेदनांची भीती कशी समजावून सांगायची आणि त्याच संवेदना मुद्दाम निर्माण करून ती कशी घालवायची याबद्दल.

आधी डॉक्टरांकडे, पण एकदाच आणि नीट

पुढील सराव सुरू करण्यापूर्वी मुलाची शारीरिक तपासणी झालीच पाहिजे. फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ सर्वसाधारणपणे नाडी, रक्तदाब, हृदयाचे आवाज आणि ईसीजी पाहतात आणि रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी करून घेतात. आपल्या भागात किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय बऱ्याचदा आढळतो. त्यामुळेही थोड्याशा श्रमाने धडधड होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

काही लक्षणे दिसली तर मात्र "हे पॅनिकच असेल" असे म्हणून थांबू नये. धावताना किंवा खेळताना शुद्ध हरपून कोसळणे, घराण्यात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, धडधड बटण दाबल्यासारखी एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबणे, श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज येणे, झटक्यात जीभ चावली जाणे किंवा नकळत लघवी होणे, झटक्यानंतर बराच वेळ काहीच न आठवणे, यांपैकी काहीही असल्यास सविस्तर तपासणी करून घ्यावी. दम्याचा त्रास आटोक्यात नसेल, अपस्मार असेल, सांध्यांच्या तापानंतर हृदयाची झडप बिघडलेली असेल, रक्तक्षय तीव्र असेल किंवा गर्भधारणा असेल, तर जोरजोरात श्वास घेण्याचे आणि श्वास अडवण्याचे प्रयोग डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय करू नयेत.

तपासणी नीट झाल्यावर दर आठवड्याला पुन्हा ईसीजी काढणे मात्र थांबवावे. प्रत्येक नव्या तपासणीमुळे मुलीला दोन दिवस बरे वाटते, पण "तपासलं म्हणून वाचले" ही तिची समजूत आणखी पक्की होते. शुभदाच्या घरी अशा तपासण्या पाच वेळा झाल्या होत्या. आजीने दृष्टही काढली होती. त्यावरून मी घरच्यांशी वाद घातला नाही, कारण आजीच्या मायेने मुलीचे काही बिघडत नव्हते. झटका आला की लगेच दृष्ट काढायची, हा क्रम तेवढा बंद करायला सांगितला.

शरीरात नेमके काय होते, हे मुलीला तिच्याच शब्दांत सांगणे

समजावण्याची सुरुवात व्याख्येपासून करू नये. मुलीने स्वतः वापरलेले शब्द कागदावर लिहून घ्यावेत. शुभदाचे शब्द असे होते : "छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटं वळतात, डोकं हलकं होतं, घाबरल्यागत होतं, आणि सगळं लांब गेल्यासारखं, मी मी नसल्यासारखं वाटतं." एकेका शब्दापुढे शरीरातील कारण लिहीत जायचे, घाई करायची नाही, आणि प्रत्येक कारणानंतर तिला तिच्या शब्दांत ते परत सांगायला लावायचे.

धडधडीपासून सुरुवात केली. धोका जाणवला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात आणि हृदय जोरात व वेगाने धडकून पायांच्या आणि हातांच्या मोठ्या स्नायूंकडे रक्त पाठवते, कारण पळायचे किंवा लढायचे झाले तर तिथेच ताकद लागणार असते. गवतात साप दिसल्यावर पाऊल आपोआप मागे येते, तेव्हाही छातीत हेच होते. त्या वेळी आपण धडधडीला आजार म्हणत नाही, कारण साप समोर दिसतो. बसमध्ये साप नसतो, म्हणून मन त्या धडधडीचे कारण शरीरातच शोधू लागते.

मुंग्या आणि वळलेली बोटे हा भाग मी नेहमी सर्वाधिक वेळ देऊन समजावतो, कारण याच लक्षणाने घरचे सर्वाधिक हादरतात. भीतीत श्वास जलद आणि खोल होतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडत नाही, उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो आणि रक्त थोडे अल्कधर्मी होते. त्या बदलामुळे रक्तातील मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण तात्पुरते घटते, नसा चटकन उत्तेजित होतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात आणि क्वचित बोटे आखडून आत वळतात. कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही काही काळ आकसतात, म्हणून डोके हलके वाटते आणि सगळे लांब गेल्यासारखे भासते. श्वास संथ झाला की काही मिनिटांत हे सारे पूर्ववत होते. यात कसलीही इजा होत नाही. "श्वास पुरत नाही" असे वाटत असताना प्रत्यक्षात श्वास जास्त होत असतो, ही गोष्ट शुभदाला सर्वात नवलाची वाटली. तिने ती वहीत दोनदा लिहिली.

बेशुद्ध पडण्याच्या भीतीविषयीही बोलावे लागते. चक्कर येऊन शुद्ध हरपण्यासाठी सहसा रक्तदाब घसरावा लागतो. पॅनिकमध्ये हृदय जोरात चालत असते आणि रक्तदाब बहुधा थोडा वाढलेलाच असतो, म्हणून त्यात बेशुद्ध होणे दुर्मीळ आहे. रक्त किंवा इंजेक्शनची सुई पाहून भोवळ येणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा रक्तदाब खरोखरच घसरतो, आणि त्यांच्यासाठी सरावाची पद्धतही वेगळी असते. उपाशीपोटी बराच वेळ उभे राहिल्यास कोणालाही भोवळ येऊ शकते, हेही प्रामाणिकपणे सांगावे. "तुला कधीच काही होणार नाही" असे खोटे वचन मुले लगेच ओळखतात.

यानंतर मी एका कागदावर गोल काढतो. बसमधल्या उकाड्याने हृदय थोडे वेगाने चालते, तिचे लक्ष तिकडे जाते, मनात "हार्ट अटॅक" हा शब्द येतो, त्या शब्दाने भीती वाढते, भीतीने अॅड्रेनालिन वाढते, त्याने धडधड आणखी वाढते, आणि मग मन म्हणते, "बघ, खरंच काहीतरी होतंय." ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकचे हे स्पष्टीकरण मांडले. निरुपद्रवी संवेदनेचा भयंकर अर्थ लावणे हेच या चक्राचे केंद्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोहोचतो आणि मग उतरू लागतो, कारण शरीर ती अवस्था फार वेळ टिकवून धरत नाही. शुभदाने स्वतःचा सर्वात लांब झटका "दोन तास" असा सांगितला होता. नीट विचारल्यावर कळले की जोरदार भाग साधारण बारा मिनिटांचा होता आणि उरलेला वेळ थकवा, रडणे आणि "पुन्हा येईल का" या धास्तीत गेला होता.

हे सर्व समजल्याने मुलीची लाज कमी होते. भीती मात्र तेवढ्याने जात नाही, कारण ती समजुतीतून नव्हे तर अनुभवातून शिकलेली असते.

आधारांची यादी

सरावाआधी एक काम उरते, आणि बहुतेक ठिकाणी ते वगळले जाते. झटका येऊ नये म्हणून किंवा आलेला सहन व्हावा म्हणून मुलगी जे जे करते, त्याची यादी करायची. शुभदाच्या यादीत पाण्याची बाटली, कापूर, खिडकीजवळची किंवा दाराजवळची जागा, आईशी चालू ठेवलेला फोन, मनगटावर सतत नाडी पाहणे, मुद्दाम ढेकर काढणे आणि भिंतीला टेकून उभे राहणे, एवढ्या गोष्टी होत्या. एकेक पाहता सर्व निर्दोष वाटतात. पण झटका ओसरला की श्रेय बाटलीला किंवा आईच्या आवाजाला मिळते, आणि आपले शरीर आपोआप ठिकाणावर आले हे तिला कधीच कळत नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या काळात मी प्रत्येक मुलाला झटक्याच्या वेळी करण्यासाठी संथ श्वासाचा व्यायाम शिकवत असे. एका मुलाने तो इतका मनापासून केला की चार महिन्यांनी तो दिवसभर स्वतःचा श्वास मोजत बसू लागला, आणि मोजण्यात खंड पडला की घाबरू लागला. मी त्याच्या हाती आणखी एक बाटली दिली होती. संथ श्वास वाईट नाही, रात्री झोपण्यापूर्वी तो जरूर करावा. संवेदना थांबवण्यासाठीचे हत्यार म्हणून, विशेषतः खाली दिलेल्या सरावाच्या वेळी, तो वापरू नये. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपायही टाळावा. खरोखर दमा किंवा हृदयविकार असेल तर तो घातक ठरू शकतो.

चाचणी : कोणती संवेदना घाबरवते?

पहिली चाचणी समुपदेशकाच्या किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या उपस्थितीत करावी. एकामागून एक छोटे प्रयोग करायचे, आणि प्रत्येकानंतर मुलीने तीन आकडे सांगायचे : संवेदना किती तीव्र होती, भीती किती वाटली आणि हे आपल्या झटक्यासारखे किती होते. प्रत्येक आकडा 0 ते 10 मधला. समुपदेशकाने प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करून दाखवावा. आपण घामाघूम होऊन हसत उभे असलेले पाहिले की मुलीच्या मनातला निम्मा संशय जातो.

शुभदाबरोबर आम्ही पाच प्रयोग केले. जागच्या जागी गुडघे वर उचलून एक मिनिट धावणे : संवेदना 6, भीती 5, साम्य 5. टेट्रापॅकच्या सरबताबरोबर मिळणारी बारीक नळी तोंडात धरून, नाक चिमटीत पकडून, फक्त नळीतून एक मिनिट श्वास घेणे : संवेदना 6, भीती 8, साम्य 7. उभे राहून जागीच अर्धा मिनिट गोल फिरणे : संवेदना 7, भीती 3, साम्य 2. तोंडाने खोल आणि जोरात, साधारण दोन सेकंदांत एक श्वास या गतीने एक मिनिट श्वासोच्छ्वास करणे : संवेदना 8, भीती 9, साम्य 9. आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे दोन मिनिटे एकटक पाहणे : संवेदना 4, भीती 6, साम्य 6, कारण त्यात तिला "मी मी नसल्यासारखं" वाटले.

जोरात श्वास घेण्याच्या प्रयोगात चाळीस सेकंदांतच तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ती थांबली, हात पुढे धरून पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तर तेच आहे. बसमधलंच." मी विचारले, "आता हे कोणी केलं?" थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मीच." त्या दिवशी मी आणखी काहीच समजावले नाही.

गोल फिरण्याने ती फारशी घाबरली नव्हती. लहानपणी तिने भरपूर फुगड्या घातल्या होत्या आणि ती गरगर तिच्या ओळखीची होती. हे उदाहरण पुढे खूप उपयोगी पडले. फुगडीतली चक्कर आणि बसमधली चक्कर शरीराच्या दृष्टीने फार वेगळ्या नाहीत. एकीचा अर्थ खेळ आहे, दुसरीचा अर्थ मरण आहे, एवढाच फरक.

रोजचा सराव

भीतीचा आकडा 3 किंवा त्याहून अधिक आलेले प्रयोगच सरावासाठी घ्यावेत, मधल्या आकड्याच्या प्रयोगाने सुरुवात करावी आणि जोरात श्वास घेण्याचा प्रयोग शेवटी ठेवावा. दिवसाला पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून किमान पाच दिवस, एका वेळी एकच प्रयोग. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत, चुलीपासून व जिन्यापासून दूर, सतरंजीवर उभे राहून करावा, आणि श्वासाचा कोणताही प्रयोग नदीत, तळ्यात किंवा न्हाणीघरातील पाण्यात कधीही करू नये.

एका बैठकीचा क्रम असा असतो. प्रथम वहीत भाकीत लिहायचे, आणि ते तपासून पाहता येईल असे हवे. "मला भीती वाटेल" हे भाकीत उपयोगाचे नाही, कारण भीती तर वाटणारच. "एक मिनिट नळीतून श्वास घेतला तर मी बेशुद्ध पडेन" हे उपयोगाचे आहे, कारण मिनिट संपल्यावर खरे-खोटे दिसते. मग प्रयोग सुरू करायचा, आणि "आता पुरे, आता जास्त होतंय" असे वाटल्यावर आणखी वीस ते तीस सेकंद चालू ठेवायचा. हाच वाढीव वेळ खरे काम करतो. थांबल्यावर बसायचे नाही, टेकायचे नाही, पाणी प्यायचे नाही, श्वास मुद्दाम संथ करायचा नाही. संवेदना आपणहून उतरेपर्यंत उभे राहून त्यांच्याकडे लक्ष द्यायचे. नंतर तीन आकडे आणि "भाकिताचे काय झाले" हे एका ओळीत लिहायचे. संवेदना बऱ्याच उतरल्या की तोच प्रयोग पुन्हा, असे तीन ते पाच वेळा.

शुभदाच्या वहीतील पहिल्या दिवसाच्या नोंदी अशा होत्या. नळीचा पहिला प्रयत्न, भाकीत "बेशुद्ध पडेन", भीती 8, चाळीस सेकंदांवर नळी काढली. दुसरा प्रयत्न, भीती 8, पूर्ण एक मिनिट. तिसरा, भीती 6, दीड मिनिट. चौथा, भीती 5, आणि पुढे तिचे अक्षर : "पडले नाही. पाय थरथरले पण उभी होते." संवेदनेचा आकडा चारही वेळा 6 ते 7 राहिला. यात बिघाड काही नाही. नळीतून श्वास घेतला की कोंडल्यासारखे होणारच. खाली यायला हवी ती भीती. पालक बहुतेक वेळा उलट पाहतात, "अजून धडधडतंय म्हणजे फरक नाही" असे म्हणतात, म्हणून दोन आकडे वेगळे ठेवण्याचा आग्रह धरावा.

तीन दिवस ओळीने भीती 2 किंवा त्याहून खाली राहिली आणि भाकीत लिहिताना मुलीला स्वतःलाच ते पटेनासे झाले, की पुढच्या प्रयोगाकडे जावे. शुभदाला धावण्यासाठी चार दिवस, नळीसाठी आठ, आरशासाठी पाच आणि जोरात श्वास घेण्यासाठी जवळपास दोन आठवडे लागले.

कुठे गाडी अडते आणि ते कसे ओळखावे

दुसऱ्या आठवड्यात तिचे आकडे अडकले. बैठकीत भीती 7 वरून 3 वर येई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 7. एका दिवसात उतरलेली भीती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परतत असेल, तर कुठेतरी लपलेला आधार आहे असे समजावे. मी एक बैठक घरी करवून पाहिली. नळी काढताच आई "पुरे बाळा, पुरे" म्हणत पाण्याचा तांब्या पुढे करत होती. आईचा दोष नव्हता. लेकीचा जीव कासावीस झालेला पाहत हात बांधून उभे राहणे कोणत्याही आईला जड जाईल. आम्ही आईसाठी वेगळे काम ठरवले : हातात घड्याळ धरायचे, वेळ सांगायची, आणि शेवटी फक्त "काय लिहिलंस?" एवढेच विचारायचे. तांब्या स्वयंपाकघरात राहिला. चार दिवसांत आकडे पुन्हा उतरू लागले.

दुसरा अडथळा अधिक सूक्ष्म असतो. काही मुले प्रयोग इतका हलक्या हाताने करतात की संवेदना 2-3 च्या पुढे जातच नाही. भीतीही कमीच दिसते आणि सगळे खूश होतात. संवेदना किमान 5 पर्यंत जात नसेल तर वेळ किंवा जोर वाढवावा. तिसरा म्हणजे मनातल्या मनात मोजणे, स्तोत्र म्हणणे किंवा दुसरीकडे लक्ष नेणे. स्तोत्र सकाळ-संध्याकाळ देवापुढे जरूर म्हणावे, पण प्रयोगाच्या त्या दोन मिनिटांत लक्ष छातीवरच असावे.

मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केले असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. झटक्यापुरती घेण्याची गोळी दिली असल्यास ती सरावाच्या आधी घेतली जाते का, हे मात्र त्यांच्याशी बोलून ठरवावे, कारण तेव्हा ती गोळीही बाटलीसारखाच आधार बनते. मुलगी सतत उदास असेल, स्वतःला इजा करत असेल, मरणाचे विचार बोलून दाखवत असेल किंवा तिच्यावर काही अत्याचार झाल्याची शंका असेल, तर हा सराव बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनाशुल्क बोलता येते, आणि मराठीतून बोलायचे आहे असे सुरुवातीलाच सांगावे. प्रत्यक्ष भेटीसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था सोयीची आहे. तिथे डॉक्टर कन्नडमधून बोलू लागल्यास संकोच न करता, मुलीचे वर्णन तिच्याच मराठी शब्दांत लिहून नेलेला कागद पुढे करावा. "घाबरल्यागत होतं" याचे घाईत केलेले भाषांतर "छातीत दुखतं" असे झाल्यामुळे पुन्हा ईसीजीच्या रांगेत गेलेली मुले मी पाहिली आहेत.

घरातून बसमध्ये

खोलीत गेलेली भीती बसमध्ये आपोआप जात नाही, म्हणून संवेदना आणि जागा एकत्र आणाव्या लागतात. आम्ही आधी रोजच्या जगण्यातील टाळलेल्या संवेदना परत आणल्या : महाविद्यालयाचा जिना भरभर चढणे, कडक चहा, दुपारच्या उन्हात स्वेटर घालून दहा मिनिटे चालणे, मैत्रिणीबरोबर फुगडी. मग बस. पहिल्या दिवशी आई बरोबर, दोन थांबे. तिसऱ्या दिवशी एकटी, दोन थांबे. पुढच्या आठवड्यात खानापूर ते बेळगाव हा सुमारे पंचवीस किलोमीटरचा पूर्ण प्रवास, आधी दाराजवळ बसून, मग मधल्या वाटेत उभे राहून. 2023 च्या जूनपासून महिलांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास मिळू लागल्यावर सकाळच्या गाड्यांना गर्दी असते. त्या गर्दीची ती तक्रार करायची, आता तीच गर्दी सरावासाठी हवी होती. बाटली घरी, कापूर घरी, मोबाईल दप्तराच्या तळाशी.

सर्वात अवघड पायरी तिने स्वतः सुचवली. थांब्यावर मुद्दाम उशिरा पोहोचायचे, धावत बस पकडायची आणि छाती धडधडत असतानाच गर्दीत मधोमध उभे राहायचे. त्या दिवशीचे भाकीत होते, "छाती थांबणार नाही आणि मला ओरडून बस थांबवावी लागेल." तिची नोंद अशी आहे : भीती चढताना 7, पुढच्या थांब्यापर्यंत 8, हाताला मुंग्या, बोटे थोडी ताठ, अर्ध्या वाटेत 4, बेळगावच्या बसस्थानकावर 2. "ओरडले नाही. शेजारच्या आजीने तिकीट मिळालं का विचारलं तेव्हा उत्तर दिलं."

पुन्हा झटका आला तर

सुमारे तीन महिन्यांनी नियमित सराव थांबला. त्यानंतर मी तिला महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नळीचा आणि जोरात श्वासाचा प्रयोग दोनदा करायला सांगितले होते. दोन महिने तिने केला, मग परीक्षेच्या गडबडीत राहून गेला. पेपरच्या आदल्या रात्री अपुऱ्या झोपेनंतर तिला घरी एक पूर्ण झटका आला. असे होऊ शकते, हे सराव संपतानाच मुलांना सांगून ठेवलेले असावे. नाहीतर एका झटक्याने मुले "सगळं वाया गेलं" असे धरून चालतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टाळू लागतात.

तिने आईला उठवले नाही. अंथरुणावर बसून राहिली, घड्याळ पाहिले, नऊ मिनिटांत सर्वात जोराचा भाग संपला. सकाळी ती ठरलेल्या बसनेच पेपरला गेली आणि मधल्या वाटेत उभी राहिली. संध्याकाळी घरी येऊन नळीचा प्रयोग चार वेळा केला. पहिल्या वेळी भीती 5, चौथ्या वेळी 2. पुढचे पाच दिवस तोच क्रम तिने चालू ठेवला आणि सहाव्या दिवशी वहीत नवे भाकीत लिहायला बसली तेव्हा, तिच्याच म्हणण्यानुसार, लिहिण्यासारखे काही तिला सुचले नाही.